पन्नास टक्के मुलं बरोबर, तरी प्रश्न कच्चा?

“मॅडम, चाळीस प्रश्नांच्या चाचणीत माझे अकरा प्रश्न विश्लेषणात ‘कमकुवत’ निघाले. इतकी वर्षं शिकवतोय, मग मला प्रश्नच काढता येत नाहीत का? हे अकराही टाकून नवे काढू का?”

विज्ञानाचे हे शिक्षक माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातातल्या कागदावर अकरा लाल गोल होते. शिक्षकांना मूल्यमापनात मदत करताना ही काळजी इतक्यांदा ऐकली आहे, की तिचं उत्तर एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. आमच्या बऱ्याच बैठकांतलं थोडंच इथे देते.

साठ मुलांचा वर्ग होता. एकूण गुणांनुसार उत्तरपत्रिका उतरत्या क्रमाने लावून वरच्या सोळा आणि खालच्या सोळा वेगळ्या काढल्या होत्या. दोन्ही टोकांचे 27 टक्के घेण्याची ही रीत ट्रूमन केली या अभ्यासकाने 1939 साली मांडली, आणि ती आजही वापरात आहे. या बत्तीस जणांपैकी किती जणांचं उत्तर बरोबर, ते प्रमाण म्हणजे काठिण्यमूल्य. नावाने फसायला होतं: आकडा जितका मोठा, प्रश्न तितका सोपा. वरच्या गटातल्या बरोबर उत्तरांतून खालच्या गटातली वजा करून सोळाने भागलं की येतं ते भेदनमूल्य. सरांच्या कागदावर 0.20 च्या खालच्या प्रत्येक भेदनमूल्याला गोल होता.

“सर, यातला तुम्हाला सगळ्यात जास्त खुपणारा कोणता?”

त्यांनी लगेच बोट ठेवलं. “हा. काठिण्यमूल्य 0.50, म्हणजे ना अवघड ना सोपा. आणि भेदनमूल्य उणे 0.25! हुशार मुलंच कशी चुकली?”

प्रश्न असा होता: दिवसा हिरवी पानं कोणता वायू बाहेर टाकतात? पर्याय: ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड दोन्ही. उत्तरसूचीत पहिला पर्याय. वरच्या गटात सहा जण बरोबर, खालच्या गटात दहा. उणे भेदनमूल्य दिसलं की आधी उत्तरसूची तपासायची, कारण पुष्कळदा तिथेच चुकीचं अक्षर पडलेलं असतं. इथे तसं नव्हतं.

“वरच्या गटातल्या उरलेल्या दहांनी काय निवडलं?”

ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. बहुतेक जण पाहत नाहीत. दोन आकडे मिळाले की काम झालं असं वाटतं. आम्ही प्रत्येक पर्यायापुढे दोन्ही गटांच्या खुणा मांडल्या. वरच्या गटातले दहाच्या दहा जण शेवटच्या पर्यायावर होते. खालच्या गटात तिथे दोघेच, बाकीचे इतर पर्यायांवर विखुरलेले.

माझा कल पहिल्यापासून असा आहे, की उत्तर चूक असलं तरी त्यामागे विचार असतो, आणि तो विचार कळेपर्यंत प्रश्नाला हात लावू नये. म्हणून सरांना म्हटलं, “त्या दहांपैकी दोघातिघांना बोलवा. चूक-बरोबर काही सांगू नका. ‘हे का निवडलंस?’ एवढंच विचारा.”

पुढच्या भेटीत ते खुर्चीत टेकायच्या आधीच बोलू लागले. “मॅडम, पोरगी म्हणते, सर, तुम्हीच शिकवलंत ना की श्वसन दिवसरात्र चालू असतं? मग कार्बन डायऑक्साइड तयार होणारच की.” थोडं थांबून म्हणाले, “माझा धडा ज्यांनी नीट ऐकला, त्यांचेच गुण मी कापले.”

“आणि ज्यांनी ‘झाडं दिवसा ऑक्सिजन सोडतात’ एवढं एकच वाक्य पाठ केलं होतं?”

“त्यांना गुण मिळाले.”

हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. तोवर सर त्या उणे आकड्याकडे स्वतःवरचा शेरा म्हणून पाहत होते. आता त्यांना त्यात मुलांचा विचार दिसू लागला. प्रश्नात दोष होता तो एवढाच, की पानात काय तयार होतं आणि हिशेब करून शेवटी बाहेर काय पडतं, यांत त्याने फरक केला नव्हता. झालेल्या चाचणीपुरते दोन्ही पर्याय ग्राह्य धरून गुण दुरुस्त करायचे, असं ठरलं.

नवा प्रश्न सरांनीच लिहिला: भर उन्हात हिरव्या पानात प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन दोन्ही चालू असतात, तरी पानातून ऑक्सिजन बाहेर पडतो. का? बरोबर पर्याय: प्रकाशसंश्लेषणाचा वेग श्वसनापेक्षा जास्त असतो. चुकीचे: उन्हात श्वसन प्रत्यक्षात जवळजवळ थांबलेलं असतं; श्वसनातही ऑक्सिजनच तयार होतो; कार्बन डायऑक्साइड मुळांकडे जातो. यातला पहिला चुकीचा पर्याय मुलांच्या डोक्यात खरोखर असलेल्या गैरसमजातून आलाय, म्हणून मला तो विशेष आवडला. मात्र मी त्यांना त्याचे शब्द बदलायला लावले. प्रश्नातच श्वसन चालू असल्याचं सांगितलंय, मग ते थांबलेलं कसं असेल? तेव्हा तो पर्याय ‘उन्हात श्वसन फार मंदावतं’ असा झाला.

उरलेल्या दहा गोलांकडे वळल्यावर वेगळाच प्रकार दिसला. एका प्रश्नाचं काठिण्यमूल्य 0.94 आणि भेदनमूल्य 0.13. सर तो खोडायला निघाले होते.

“बत्तीसांपैकी चुकले किती?”

“दोघे. दोघेही खालच्या गटातले.”

“मग यापेक्षा जास्त भेद हा प्रश्न करणार कसा?” दोनच जण चुकले असतील, तर भेदनमूल्य फार तर दोन भागिले सोळा, म्हणजे जेमतेम 0.13 होऊ शकतं. प्रश्नाने त्याच्या आवाक्यातलं सगळं काम केलं होतं. प्रयोगशाळेतल्या सुरक्षिततेवरचा तो प्रश्न प्रत्येकाला यायलाच हवा असा होता, म्हणून राहिला. भेदनमूल्य काठिण्यमूल्याशेजारी ठेवूनच वाचायचं, ते यासाठी.

दुसऱ्या एका प्रश्नाचं काठिण्यमूल्य 0.28 होतं आणि दोन्ही गट चारही पर्यायांवर जवळपास सारखे पसरले होते. चार पर्यायांत नुसत्या अंदाजाने 0.25 येतंच. तो भाग घाईत उरकल्याचं सरांनी स्वतःच सांगितलं. तिथे प्रश्न तसाच ठेवून धडा पुन्हा घ्यायचा होता.

काही गोल तर 0.19 चे होते. सोळाच्या गटात एका मुलाचं उत्तर बदललं की भेदनमूल्य 0.06 ने हलतं, त्यामुळे 0.19 आणि 0.25 यांत फरक करण्यात अर्थ नाही. असे प्रश्न पुढच्या तुकडीला पुन्हा देऊन मग ठरवायचे. वर्ग वीस-पंचवीस मुलांचा असेल तर मी आकड्यांवर आणखी कमी विसंबते आणि पर्यायांपुढच्या खुणा जास्त पाहते.

अकरापैकी खरोखर नव्याने लिहावे लागले ते तीन.

पुढच्या तुकडीलाही तेवढीच मुलं होती. पानाच्या प्रश्नात वरच्या गटातले तेरा आणि खालच्या गटातले सहा जण बरोबर आले: काठिण्यमूल्य 0.59, भेदनमूल्य 0.44. खालच्या गटातल्या सात जणांनी श्वसन मंदावण्याचा पर्याय धरला होता, म्हणजे तो गैरसमज नेमका सापडला. मुळांच्या पर्यायावर मात्र एकच खूण होती. सरांनी न विचारताच त्या पर्यायाखाली रेघ ओढली आणि म्हणाले, “हा कुणालाच खरा वाटत नाही. याच्या जागी काय घालायचं ते मुलांच्या वह्यांतून शोधतो.”