पुस्तकाचं कव्हर सुटलंय, पण पानं शाबूत आहेत?

मग सेलोटेप अजिबात लावू नका. काही वर्षांनी टेप पिवळी पडते, तिचा चिकटा कागदात उतरतो आणि ती काढताना छपाईही निघून येते.

आधी कण्यावरचा जुना, कडक झालेला गोंद बोथट सुरीने हळूच खरवडा. घट्ट बसलेला राहू द्या. ओढलात तर पानं सुटतील. मग पानांचा गठ्ठा टेबलावर आपटून कडा एका रेषेत आणा. सुतारकामाचा पांढरा फेव्हिकॉल सपाट ब्रशने फक्त कण्यावर, पातळ लावा. माझ्या पहिल्या पुस्तकाला मी भरपूर लावला होता. तो पानांमध्ये झिरपला आणि शेवटची चार पानं कायमची चिकटली.

कव्हर बसवताना आधी कणा जुळवा, मग दोन्ही बाजू. कण्यावरून बोटाने घट्ट दाबत जा. बाहेर आलेला गोंद लगेच पुसा. कव्हर आणि पहिल्या-शेवटच्या पानाच्या मध्ये बटर पेपर ठेवा, वर जाड शब्दकोश ठेवा आणि रात्रभर हात लावू नका.

पुस्तक उघडल्यावर कण्यातून पानंच सुटत असतील, तर हा उपाय पुरत नाही. ते बाइंडरकडे द्या.