धाग्याचा रंग रिळावर बघू नकोस

बाळा, परभणीत उस्तादांच्या हाताखाली होतो तेव्हाची गोष्ट. मोरपंखी ब्लाऊजपीसला ट्यूबलाइटच्या उजेडात मी रीळ निवडलं. हुबेहूब वाटलं. उस्तादांनी दोन्ही उचलून ओट्यावर सावलीत नेलं, तर धागा हिरवट अन् कापड निळसर!

"रिळावर धागा दाट असतो, म्हणून गडद दिसतो. हातभर सोड, एकच पदर कापडावर टाक अन् मान मागं घेऊन बघ. दिसेनासा झाला की तोच."

तीन धागे टाकले. दोन उठून दिसले. तिसरा किंचित गडद, तरी कापडात मुरला. नेमका रंग मिळाला नाही तर तूही असाच जरा गडद घे. फिका धागा शिवणीवर उठून दिसतो. सुती कापडावर मात्र पॉलिस्टरची चकाकी रंग जुळूनही लपत नाही, तेव्हा तिथं सुती धागाच बघ.