उन्हात सलग रेकॉर्डिंग: तापणारा फोन आणि भरणारी मेमरी

प्रश्न: मे महिन्यात गावच्या टेनिस बॉल स्पर्धेचे सामने मोबाईलवर सलग शूट करायचे आहेत. अर्ध्या-पाऊण तासात फोन तापून कॅमेरा बंद होतो आणि दुपारपर्यंत मेमरीही फुल्ल. अँड्रॉइड फोन आहे, नवा घेणं शक्य नाही. काय करावं?

उत्तर:

आधी उन्हाचा बंदोबस्त करा, सेटिंग्ज नंतर. बहुतेक जण उलटं करतात. सेटिंग्ज खाली आणत बसतात आणि फोन मात्र ट्रायपॉडवर उघड्या उन्हात उभा असतो.

हिशोब सोपा आहे. भर उन्हात, सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर जागेवर साधारण 1000 वॅट उष्णता पडते. फोनची पाठ धरा 16 बाय साडेसात सेंटिमीटर, म्हणजे ऊन समोरून लागलं तर तिच्यावर जवळपास 12 वॅट. काळा फोन यातली बरीचशी पिऊन घेतो. उलट साधं फुल एचडी रेकॉर्डिंग करताना फोन स्वतः तीन-चार वॅटच्या आसपास उष्णता तयार करतो. म्हणजे तुमचा फोन कामाने कमी आणि उन्हाने जास्त तापतोय. सावली केली की अर्ध्याहून अधिक प्रश्न तिथेच मिटतो.

सावली कशी करायची यालाही महत्त्व आहे. थर्माकोलच्या खोक्यात फोन बंद करून फक्त लेन्सपुरतं भोक ठेवणारे मी पाहिलेत. त्यात फोनची स्वतःची उष्णता कोंडते आणि तो आणखी लवकर बंद पडतो. फक्त वर आणि पश्चिमेच्या बाजूला आडोसा हवा, बाकी सगळं मोकळं, म्हणजे वारा फिरतो. थर्माकोलचा एक पांढरा तुकडा फोनच्या वर वीतभर अंतर ठेवून बांधा, दुसरा पश्चिमेला उभा करा. मोठी छत्री ट्रायपॉडला बांधली तरी चालते, पण वाऱ्याने ती हलते आणि तिच्याबरोबर चित्रही हलतं. छत्रीला वेगळा खुंटा रोवा.

दिशेचंही बघा. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे उभ्या धरलेल्या फोनच्या फक्त वरच्या कडेवर ऊन पडतं. खरा त्रास साडेतीन ते पाचच्या दरम्यान होतो. ऊन तिरपं होऊन थेट पाठीवर किंवा स्क्रीनवर येतं आणि हवाही तोवर सगळ्यात तापलेली असते. खेळपट्टी बहुतेक ठिकाणी उत्तर-दक्षिण आखलेली असते, ती तशी असेल तर गोलंदाजाच्या मागे कॅमेरा लावा. आडव्या फोनची अरुंद कड पश्चिमेला येते आणि ऊन मोठ्या पृष्ठभागावर सपाट पडत नाही. मिडविकेटकडून पश्चिमेला तोंड करून शूट केलंत तर दुपारनंतर फोनची पाठही भाजेल आणि चित्रही पांढरंफटक येईल.

आता हवेचं. ॲपल आपल्या आयफोनसाठी 0 ते 35 अंश हवामान सांगतं. अँड्रॉइडवाल्यांचं गणितही फार वेगळं नसतं. विदर्भात, मराठवाड्यात मे महिन्यात 42-43 अंश म्हणजे रोजचंच. नुसत्या पंख्याने फोन हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, जास्तीत जास्त हवेच्या जवळ येईल. तिथे मी पाण्याची पिशवी लावतो. झिपची छोटी प्लास्टिक पिशवी, तिच्यात माठातलं दीडशे मिली पाणी, ती दुसऱ्या पिशवीत, आणि दोन रबरबँडने फोनच्या पाठीला, लेन्सपासून दूरच्या अर्ध्या भागावर. कव्हर काढलेलं असलं पाहिजे, नाहीतर पिशवीचा उपयोग नाही. दीडशे मिली पाणी 25 अंशांवरून 40 वर जायला साधारण साडेनऊ हजार ज्यूल शोषतं. चार वॅटच्या फोनला हे कागदावर 39 मिनिटं पुरतं. बाहेरची गरम हवाही पाणी तापवतेच, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी धरा. आठ षटकांचा एक डाव जेमतेम निघतो, दोन डावांच्या मधे पाणी बदला. बर्फ घालू नका. कोकणासारख्या दमट हवेत थंडगार पिशवीवर बाहेरून पाणी सुटतं, ते लेन्सवर आणि चार्जिंगच्या तोंडात जातं. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवायचा नाही तो याच कारणाने.

फोन कुठवर आलाय हे कळण्यासाठी CPU-Z हे फुकट ॲप टाका. त्याच्या बॅटरीच्या पानावर तापमान दिसतं. ते 40 च्या वर गेलं की सावध व्हा, 45 च्या जवळ आलं की षटक संपताच थांबा. ॲप नसलं तरी खुणा दिसतात. आधी स्क्रीन आपोआप मंद होते, मग चार्जिंग थांबतं किंवा फ्लॅश बंद होतो, मग चित्र अडखळायला लागतं आणि शेवटी कॅमेराच बंद. स्क्रीन मंद झाली तेव्हाच हालचाल केलीत तर पुढचं टळतं.

यानंतर सेटिंग्ज. रेंज कमी असेल तर फोन टॉवर शोधत जास्त बॅटरी खातो, आणि गावाबाहेरच्या मैदानात हेच होतं. फ्लाइट मोड टाका. मधेच मामांचा फोन येऊन रेकॉर्डिंग तुटायचंही वाचतं. फ्रेम एकदा लागली की स्क्रीनचा ब्राइटनेस हाताने तळाला आणा. ऑटोवर ठेवलात तर उन्हात तो स्वतःहून टोकाला जातो. रेकॉर्डिंग 1080p, सेकंदाला 30 फ्रेमवर ठेवा. 4K साठी प्रोसेसरला प्रत्येक फ्रेममध्ये चौपट पिक्सेल हाताळावे लागतात, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना ते सगळं पुन्हा दाबलंच जातं. फोन ट्रायपॉडवर असेल तर स्टॅबिलायझेशन बंद करा, एचडीआरही बंद.

चार्जिंग चालू ठेवून शूट करायची वेळ आलीच तर फास्ट चार्जर नको. साधा 5 व्होल्ट, 1 अँपिअरचा जुना चार्जर किंवा त्याच दमाची पॉवरबँक घ्या, आणि पॉवरबँकही सावलीत ठेवा. तरी माझं मत असं की दोन डावांच्या मधे, रेकॉर्डिंग बंद असताना चार्ज करावं. एकाच वेळी दोन्हीकडून बॅटरी गरम करण्यात काही फायदा नाही.

आता मेमरी. तुमच्यासारखीच एक स्पर्धा धरू. दिवसात चार सामने, प्रत्येक डाव 40 मिनिटांचा, म्हणजे 320 मिनिटं. अनेक अँड्रॉइड फोन 1080p ला सेकंदाला 17 मेगाबिटच्या आसपास लिहितात. म्हणजे मिनिटाला साधारण 130 एमबी, एका डावाला 5.2 जीबी आणि दिवसाला 41 जीबीच्या पुढे. 64 जीबीच्या फोनमध्ये सिस्टीम आणि ॲप्स गेल्यावर एवढं उरतच नाही. दोन मार्ग आहेत. कॅमेऱ्यात ‘हाय एफिशियन्सी’ किंवा HEVC असा पर्याय असेल तर फाईल जवळपास अर्धी होते, फक्त जुन्या टीव्हीवर आणि कॉम्प्युटरवर ती चालते का हे आधी तपासून घ्या. नसेल तर Open Camera हे फुकट ॲप घ्या. त्यात बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट लिहायचे ते, स्वतः निवडता येतो. 8 मेगाबिट ठेवलात तर मिनिटाला 60 एमबी, म्हणजे अख्खा दिवस 19 जीबीच्या आसपास. स्थिर कॅमेऱ्यासमोर मैदान बहुतांश तेच राहत असल्याने क्रिकेटला हे पुरतं. चेंडू जोरात गेला की मागचं गवत थोडं चिकटल्यासारखं दिसेल, ते चालवून घ्या.

पण जागेपेक्षा मोठी भीती वेगळी आहे. बहुतेक फोनमध्ये एमपीफोर फाईल उघडायला लागणारी अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर, म्हणजे अगदी शेवटी लिहिली जाते. फोन गरम होऊन किंवा बॅटरी संपून मधेच बंद पडला तर ती लिहिलीच जात नाही. मग 5 जीबीची फाईल जागा अडवून बसते, पण चालत नाही. म्हणून अख्खा डाव एका फाईलमध्ये घेऊ नका. Open Camera मध्ये व्हिडिओची कमाल लांबी 10 मिनिटं ठेवा आणि त्याच्या शेजारचा आपोआप पुन्हा सुरू करण्याचा पर्याय चालू करा. जोडाजोडीत क्षणभराचा खंड पडतो, पण फोन गेला तर दहाच मिनिटं जातील. एखादी फाईल तशी बिघडलीच तर टाकून देऊ नका. untrunc नावाचं साधन त्याच फोनची, त्याच सेटिंगची एक चांगली फाईल बघून तुटलेली दुरुस्त करतं. कॉम्प्युटरवर असं:

```
untrunc changli.mp4 tutleli.mp4
```

तुकड्यांचा आणखी एक फायदा. 32 जीबीपर्यंतचे पेनड्राइव्ह सहसा FAT32 असतात आणि त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी फाईल जातच नाही. 5.2 जीबीची अख्ख्या डावाची फाईल तिथे अडकते, दहा मिनिटांचे तुकडे सरळ जातात. पेनड्राइव्ह फोनला जोडणारं ओटीजी लावून दोन डावांच्या मधे उतरवा. स्वस्त पेनड्राइव्ह सेकंदाला 10 एमबीच्या आसपास लिहितो, म्हणजे 5.2 जीबीला नऊ मिनिटं. बिटरेट 8 वर असेल तर चार मिनिटांत काम होतं. कॉपी करताना फोन सावलीतच ठेवा, तेही त्याच्यासाठी कामच आहे. ‘मूव्ह’ न करता ‘कॉपी’ करा, पेनड्राइव्हवरची शेवटची फाईल उघडून बघा आणि मगच फोनमधली पुसा.

पुसल्यावरही जागा मोकळी झालेली दिसत नाही, हे अनेकांना कोड्यात टाकतं. गॅलरी आणि गुगल फोटोज पुसलेले व्हिडिओ महिना-दोन महिने कचरापेटीत ठेवतात आणि तोवर जागा अडलेलीच राहते. प्रत्येक डावानंतर कचरापेटी रिकामी करा.

यूट्यूबवर लाइव्ह द्यायचा विचार असेल तर मेमरीचा प्रश्न सुटतो आणि तापण्याचा वाढतो, कारण मोबाईल डेटा सतत चालू राहतो. तेव्हा दुसऱ्या कुणाचा तरी फोन मंडपात हॉटस्पॉट करून ठेवा, आणि तुमच्या फोनवर फ्लाइट मोड टाकून फक्त वायफाय चालू करा.