माइट, शुड, मस्ट: आधी हुकूम की अंदाज ते ठरवा

प्रश्न: माइट, शुड आणि मस्ट यांत माझा कायम गोंधळ होतो. कुठे काय वापरायचं? सोप्यापासून अवघडापर्यंत सराव मिळेल का?

उत्तर: मी इंग्रजी शिकवते. सगळ्यात जास्त चुका मस्टच्या नकारात होतात, म्हणून तिथेच थोडं थांबते.

वाक्य बोलण्याआधी ठरवा, तुम्ही समोरच्याला काही करायला सांगताय की अंदाज बांधताय. सांगत असाल तर शुड म्हणजे सल्ला, तो ऐकला नाही तरी चालतं. मस्ट म्हणजे सक्ती. अंदाज असेल तर तुमच्याकडे पुरावा किती आहे ते बघा. रात्रीचे नऊ वाजलेत, शेजारी घरी आहेत का? काहीच माहीत नसेल तर ‘दे माइट बी ॲट होम’. रोज सातला येतात एवढं माहीत असेल तर ‘दे शुड बी ॲट होम’. दिवा चालू आहे, टीव्हीचा आवाज येतोय, तर ‘दे मस्ट बी ॲट होम’. डोळ्यांनी पाहिलं असेल तर मस्टची गरजच नाही, सरळ ‘दे आर ॲट होम’ म्हणा.

आता नकार. दाराला बाहेरून कुलूप दिसलं तर ‘दे कान्ट बी ॲट होम’. अमेरिकेत इथे ‘मस्ट नॉट’ही ऐकू येतं, पण तुम्ही कान्ट वापरा, ते सगळीकडे चालतं. सक्तीच्या अर्थाने मात्र ‘मस्ट नॉट’ म्हणजे थेट मनाई. ‘उद्या यायची गरज नाही’ या अर्थाने सहकाऱ्याला ‘यू मस्ट नॉट कम टुमॉरो’ लिहिलंत, तर त्याला वाटेल की त्याला यायची बंदी केली आहे. तिथे ‘यू डोन्ट हॅव टू कम’ हवं.

भूतकाळात मस्टची दोन रूपं होतात: सक्तीला ‘हॅड टू’, अंदाजाला ‘मस्ट हॅव’. ‘शुड हॅव’ म्हणजे करायला हवं होतं, पण केलं नाही.

सराव (उत्तरं झाकून सोडवा):

पहिली पायरी
१. ढग आहेत, ऊनही आहे. इट ___ रेन.
२. खोकला जात नाही. यू ___ सी अ डॉक्टर.
३. कंपनीचा नियम आहे. यू ___ वेअर अ हेल्मेट.

दुसरी पायरी
४. उद्या सुट्टी आहे. यू ___ गेट अप अर्ली.
५. ती आत्ता दिल्लीत आहे, दारात दुसरंच कुणीतरी असणार. दॅट ___ बी हर.

तिसरी पायरी
६. शेवटची बस चुकली. आय ___ वॉक होम.
७. छत्री नेली नाहीस, भिजलास. यू ___ टेकन ॲन अम्ब्रेला.
८. सगळे रस्ते, छपरं ओली आहेत. इट ___ रेन्ड.

उत्तरं: १ माइट, २ शुड, ३ मस्ट, ४ डोन्ट हॅव टू, ५ कान्ट, ६ हॅड टू, ७ शुड हॅव, ८ मस्ट हॅव. आठव्यात फक्त तुमच्या दारासमोरचाच रस्ता ओला असता, तर ‘माइट हॅव’ लिहावं लागलं असतं, कारण कुणी सडाही घातला असेल.