अंधार पडला की कॅमेरा का जातो? पीओई स्विचच्या एकूण वॅटचा हिशेब

प्रश्न: आठ पोर्टचा मॅनेज्ड पीओई स्विच आहे, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच उपकरणांना वीज देणारा. खोक्यावर ‘प्रत्येक पोर्टला ३० वॅट’ असं लिहिलंय, एकूण पीओई बजेट ६५ वॅट. त्यावर दोन अ‍ॅक्सेस पॉइंट, चार बुलेट कॅमेरे आणि एक फिरणारा, झूम होणारा पीटीझेड कॅमेरा. दिवसभर सगळं नीट चालतं. अंधार पडला की सातव्या पोर्टवरचा बुलेट कॅमेरा बंद पडतो, दोन मिनिटांनी येतो, परत जातो. कॅमेरा बदलला, केबल बदलली, फरक नाही. स्विच खराब आहे का?

उत्तर:

स्विच बहुतेक ठणठणीत आहे आणि सातव्या पोर्टवरच्या कॅमेऱ्याचाही काही दोष नाही. तुमचं एकूण बजेट रात्री संपतंय.

‘प्रत्येक पोर्टला ३० वॅट’ ही एका पोर्टची कमाल मर्यादा आहे. सगळ्या पोर्टना एकाच वेळी तेवढं मिळेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. आतला वीजपुरवठा सगळ्यांना मिळून ६५ वॅट देतो, म्हणजे पूर्ण ३० वॅट घेणारी दोनच उपकरणं त्यावर बसतील. खोक्यावर पहिला आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि दुसरा डेटाशीटच्या तळाशी, त्यामुळे ही गफलत वारंवार होते.

आता तुमच्या जोडणीचा हिशेब मांडू. मॉडेल तुम्ही दिलेली नाहीत, म्हणून अशा उपकरणांचे साधारण आकडे धरतो. तुम्ही आपापल्या डेटाशीटमधले घाला. दिवसा अ‍ॅक्सेस पॉइंट प्रत्येकी १० वॅट, बुलेट कॅमेरे प्रत्येकी ४ वॅट, पीटीझेड ९ वॅट. बेरीज ४५. स्विच निवांत. अंधार पडला की कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड एलईडी लागतात. बुलेट कॅमेरा ४ वरून ७ वॅटवर जातो, पीटीझेड १६ वर. अ‍ॅक्सेस पॉइंट होते तिथेच. बेरीज २० अधिक २८ अधिक १६, म्हणजे ६४. कागदावर हे अजून बसतंय. पण हे आकडे उपकरणापाशी लागणाऱ्या विजेचे आहेत आणि बजेट मोजलं जातं स्विचच्या पोर्टवर. मधली केबल आपला वाटा खाते. पीटीझेड साठ-सत्तर मीटरवर असेल तर त्याच्या एकट्याच्या केबलमध्ये जवळपास एक वॅट उष्णता होऊन जातो, बाकीच्यांचा मिळून आणखी एखादा वॅट धरा. झाले ६६.

केबलमधली घट मानकातच गृहीत धरलेली आहे. 802.3at मध्ये स्विच पोर्टवर ३० वॅट देतो, पण उपकरणाला २५.५ वॅटचीच हमी असते. जुन्या 802.3af मध्ये हेच आकडे १५.४ आणि १२.९५ आहेत. हा फरक १०० मीटरच्या सर्वांत वाईट केबलसाठी आहे. शिवाय घट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून लांबच्या आणि जास्त वीज खाणाऱ्या उपकरणावरच ती डोळ्यांत भरते. जवळच्या बुलेट कॅमेऱ्यासाठी तिचा विचार केला नाही तरी चालतं.

मग नेमका सातवाच पोर्ट का? बजेट ओलांडलं की स्विच कुणाला तरी बंद करतो आणि ते तो पोर्टच्या प्राधान्यावरून ठरवतो. तुम्ही काही बदललं नसेल तर सगळे पोर्ट सारख्याच प्राधान्यावर असतात आणि अशा बरोबरीत बऱ्याच स्विचमध्ये सर्वांत मोठ्या क्रमांकाचा पोर्ट आधी जातो. तुमची सात उपकरणं पहिल्या सात पोर्टवर असतील तर सातव्याचा बळी जातो. जो पडतो तोच जास्त वीज खातो असं मुळीच नाही. पुढचं चक्रही यातूनच होतं: कॅमेरा बंद झाला की बजेट मोकळं होतं, स्विच पोर्ट पुन्हा तपासतो, समोर पीओई उपकरण दिसलं की वीज देतो. कॅमेरा सुरू होताना एलईडी बंद असतात. बूट पूर्ण झालं, एलईडी लागले, बेरीज परत ६५ च्या वर.

पडताळायला सोपं आहे. अंधार पडल्यावर सातव्या आणि दुसऱ्या पोर्टच्या केबल अदलाबदल करा. सातव्यावर आलेलं नवं उपकरण पडायला लागलं आणि तुमचा जुना कॅमेरा दुसऱ्यावर शांत राहिला, तर कारण बजेट. कॅमेरा दुसऱ्या पोर्टवरही पडत राहिला, तर त्या कॅमेऱ्यात किंवा त्याच्या केबलमध्ये शोधा. जोडीला स्विचच्या वेब पानावर पीओई विभागात एकूण वापराचा आकडा असतो, तो दुपारी न बघता एलईडी लागलेले असताना बघा. दुपारचा ४५ बघून ‘वीस वॅट शिल्लक आहेत’ म्हणून निश्चिंत होणारे खूप जण आहेत.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट बघून ठेवा. काही स्विच प्रत्यक्ष वापर मोजून बजेट सांभाळतात, काही उपकरणाच्या क्लासनुसार, म्हणजे जोडताना ते सांगतं त्या वीजगटानुसार, जागा राखून ठेवतात. क्लास ४ चं उपकरण ९ वॅट खात असलं तरी राखीव ३० वॅट जातात, क्लास ३ साठी १५.४. तुमचे दोन अ‍ॅक्सेस पॉइंट आणि पीटीझेड क्लास ४, चार बुलेट क्लास ३ धरले तर राखीव बेरीज १५१.६ वॅट होते. तुमचा स्विच असा असता तर दिवसाही निम्मी उपकरणं लागली नसती. म्हणजे तो प्रत्यक्ष वापर मोजणारा आहे. पुढे स्विच बदलाल तेव्हा नवा कोणत्या पद्धतीचा आहे आणि ती सेटिंगमधून बदलता येते का, हे आधी विचारा. जास्त बजेटचा स्विच लावूनही शेवटचा कॅमेरा लागेना, अशी तक्रार याचमुळे येते.

उपाय. मी पीटीझेडला स्विचच्या विजेवरून काढून केबलमध्ये वेगळी वीज सोडणारा स्वतंत्र ३० वॅटचा इंजेक्टर लावेन. इंजेक्टरची डेटाची बाजू स्विचच्या पीओई पोर्टला जोडली तरी चालते. तिथे उपकरणाची ओळख पटवणारा २५ किलोओहमचा रोध दिसत नाही, म्हणून स्विच त्या पोर्टवर वीज सोडत नाही. स्विचवर रात्रीचा भार मग पन्नासच्या आत येतो. अगदी आजच्या आज काही हवं असेल तर कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये इन्फ्रारेडची तीव्रता कमी करा. प्राधान्य बदलून मात्र वीज वाढत नाही, कोण पडणार एवढंच बदलतं. तरी महत्त्वाच्या कॅमेऱ्याला वरचं प्राधान्य देऊन ठेवायला हरकत नाही. स्विचला जास्त वॅटचा अ‍ॅडॅप्टर लावायची कल्पना सोडून द्या. डेटाशीटमध्ये तसा पर्याय दिलेला नसेल तर स्विच आपली ६५ ची मर्यादा सोडत नाही.

नवा स्विच घ्यायचाच असेल तर बेरीज डेटाशीटमधल्या कमाल आकड्यांची करा. अ‍ॅक्सेस पॉइंट १६ चे दोन, बुलेट साडेसातचे चार, पीटीझेड १८, असे ८० वॅट होतात. केबलची घट आणि पुढे लागणारा एखादा कॅमेरा धरून शंभराच्या खाली जाऊ नका. १२० वॅटचा मिळाला तर उत्तम.

एवढं करूनही, भार कमी असताना आणि फक्त एलईडी लागल्यावर, लांबचा पीटीझेड पडू लागला तर तिथली केबल तपासा. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची केबल असेल तर रोध शुद्ध तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त असतो. डेटा व्यवस्थित जातो, पण प्रवाह वाढला की टोकाला व्होल्टेज पुरत नाही. तार चाकूने खरवडली की आत चंदेरी दिसते.