गणपती कधी अकरा दिवस आधी, कधी अठरा दिवस उशिरा

प्रश्न: आपले सण दरवर्षी इंग्रजी कॅलेंडरवर साधारण अकरा दिवसांनी का सरकतात? आणि तसं असेल तर ईद सगळ्या ऋतूंमधून फिरते, पण गणपती पावसाळ्यातच कसा येतो?

उत्तर:

एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात. नेमकं सांगायचं तर २९.५३. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस आणि वर थोडे तास होतात. इंग्रजी वर्ष ३६५ दिवसांचं असतं. म्हणजे चांद्रवर्ष जवळजवळ अकरा दिवस आधीच संपतं, आणि तिथीवर येणारा सण तेवढाच अलीकडे येतो. २०२३ मध्ये गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. पहिल्या वेळी बारा दिवसांचा फरक दिसतो, कारण मध्ये २९ फेब्रुवारी आला. शिवाय तिथी काही मध्यरात्री बदलत नाही, त्यामुळे एखादा दिवस इकडेतिकडे होतोच.

हिजरी कॅलेंडरमध्ये या अकरा दिवसांची भरपाई केली जात नाही. त्यामुळे ईद दरवर्षी मागे येत राहते आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. २००० साली तर रमजान ईद दोनदा आली होती, जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी.

आपलं पंचांग मात्र भरपाई करतं. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांत हे अकरा-अकरा दिवस साठून एक महिना होतो, आणि तेव्हा अधिक महिना धरला जातो. तो कधी धरायचा हे कुणी बसून ठरवत नाही, त्याला साधा नियम आहे. सूर्य दर महिन्याला एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो, ती संक्रांत. (आपण तिळगूळ वाटतो ती मकर संक्रांत; अशा बारा असतात.) ज्या चांद्रमहिन्यात, म्हणजे एका अमावास्येच्या शेवटापासून पुढच्या अमावास्येच्या शेवटापर्यंत, एकही संक्रांत पडत नाही, तो अधिक. त्याला नाव मिळतं पुढच्या महिन्याचं.

२०२० सालचं उदाहरण बघा, मला ते फार आवडतं. त्या वर्षी १६ सप्टेंबरला संध्याकाळी सूर्य कन्या राशीत गेला. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला दुपारी, सर्वपित्री अमावास्या संपली आणि नवा चांद्रमहिना लागला. तो महिना संपला १७ ऑक्टोबरला, मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास. सूर्य तूळ राशीत गेला त्याच दिवशी सकाळी सातच्या आसपास. म्हणजे एक संक्रांत महिना लागण्याआधी जेमतेम एक दिवस उरकली आणि दुसरी महिना संपल्यावर काही तासांनी आली. मधला अख्खा महिना संक्रांतीविना राहिला, तो अधिक आश्विन. एरवी सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी घट बसतात, त्या वर्षी महिनाभर थांबावं लागलं.

आता याचा सणांवर झालेला परिणाम बघा. २०१९ मध्ये गणपती २ सप्टेंबरला होता, २०२० मध्ये २२ ऑगस्टला आला, अकरा दिवस आधी. पण दसरा २०१९ मध्ये ८ ऑक्टोबरला आणि २०२० मध्ये २५ ऑक्टोबरला, म्हणजे सतरा दिवस उशिरा! गणपती अधिक महिन्याच्या आधी होऊन गेला, दसरा नंतर आला. गणपतीला त्या अधिक महिन्याचा धक्का पुढच्या वर्षी जाणवला: २०२१ मध्ये तो थेट १० सप्टेंबरवर गेला. म्हणून "अकरा दिवस" हे उत्तर अर्धंच आहे. गेल्या वर्षीचा सण आणि यंदाचा तोच सण यांच्या मध्ये अधिक महिना नसेल तर सण दहा ते बारा दिवस आधी येतो, असेल तर सतरा ते एकोणीस दिवस उशिरा.

अधिक महिना बहुधा चैत्र ते आश्विन यांतलाच का असतो, असंही पुढे कुणी विचारतं. जुलैच्या सुमारास पृथ्वी सूर्यापासून लांब असते आणि तिचा वेग मंदावतो, त्यामुळे सूर्याला एक रास ओलांडायला साडेएकतीस दिवसांपर्यंत लागतात. दोन संक्रांतींमधलं अंतर मोठं, म्हणून त्यांच्या मध्ये एक चांद्रमहिना सहज मावतो. थंडीत तेच अंतर साडेएकोणतीस दिवसांच्या आसपास येतं, मग जागाच उरत नाही.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर २०२६ चं पंचांग उघडा. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. या वेळी तो गणपती आणि दसरा या दोघांच्याही आधी येतो, म्हणून दोन्ही एकदमच पुढे गेले आहेत: गणपती २७ ऑगस्टवरून १४ सप्टेंबरला आणि दसरा २ ऑक्टोबरवरून २० ऑक्टोबरला.