गोडवा आहे, मग तिखटवा का नाही?

ऐरोलीहून एका वाचकाचा प्रश्न: "'विविधता' चालते तर 'वैविध्यता' चूक का? 'गोडवा', 'गारवा' म्हणतो तर 'आंबटवा', 'तिखटवा' का म्हणत नाही? प्रत्यय कुठे लावायचा नि कुठे नाही, याला काही नियम आहे का?"

'वैविध्यता' ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांचे गणेशोत्सव असोत नाहीतर वाशी-नेरूळमधली बक्षीस समारंभाची व्यासपीठं, निवेदकाच्या हातात माईक आला की 'सौंदर्यता', 'प्रावीण्यता', 'सातत्यता' सुरू. म्हणून आधी तेच.

'विविध' या विशेषणापासून भाववाचक नाम करायच्या दोन वाटा आहेत. सरळ वाट 'ता' लावायची: विविधता. दुसऱ्या वाटेत शेवटी 'य' येतो आणि पहिला स्वर वाढतो: वि चा वै, सु चा सौ, प्र चा प्रा. त्यातून वैविध्य, सौंदर्य, प्रावीण्य. भाव सांगायचं काम इथेच पुरं झालं. त्यावर पुन्हा 'ता' चढवणं म्हणजे 'गरिबीपणा' म्हणण्यासारखं आहे. मात्र शेवटचा 'य' दिसला की 'ता' खोडायचा, असंही करू नका. योग्यता, भव्यता, सामान्यता हे शब्द बिनचूक आहेत. ओळखायचं कसं? मूळ शब्द 'माणूस'च्या आधी ठेवून बघा. 'सामान्य माणूस', 'योग्य माणूस' म्हणता येतं, म्हणजे ती विशेषणं आहेत, 'ता' लावा. 'सौंदर्य माणूस' म्हणता येत नाही, तिथे थांबा.

आता दुसरं टोक. काही शुद्धलेखनप्रेमी म्हणतात, 'सौंदर्य' असताना 'सुंदरता' कशाला, ते हिंदीचं अनुकरण. हे मला अजिबात मान्य नाही, आणि माझ्या बाजूने खुद्द पाणिनी उभा आहे. विशेष नियम सामान्य नियमाला अडवतो, हे संस्कृत व्याकरणाचं मूळ सूत्र. 'तस्य भावस्त्वतलौ' म्हणून पाणिनीने 'त्व' आणि 'ता' सरसकट सगळ्यांना दिले. पुढे ठरावीक शब्दांना 'य'सारखे खास प्रत्यय दिले. एरवीच्या न्यायाने या खास प्रत्ययांनी 'त्व' आणि 'ता' यांना हुसकावून लावलं असतं. ते होऊ नये म्हणून त्याने लगेच पुढचं सूत्र घातलं: 'आ च त्वात्'. म्हणजे या प्रकरणात खास प्रत्यय आले तरी 'त्व' नि 'ता' चालूच राहतील. धैर्यही खरं, धीरताही खरी. लाघव, लघिमा, लघुता, लघुत्व, चारही खरे. असलेला शब्द होऊ घातलेल्या शब्दाची वाट अडवतो, याला भाषाशास्त्रात अटकाव म्हणतात. मार्क ॲरोनॉफ या अमेरिकी अभ्यासकाने 1976 साली त्याची चर्चा मांडली, आणि तेव्हापासून तो शोध तिकडचा असं सांगितलं जातं. अटकाव कुठे उठवायचा याचं सूत्र ज्याने रचलं, त्याला अटकाव माहीत नव्हता असं कोण म्हणेल?

ॲरोनॉफचं निरीक्षण मात्र मोलाचं आहे. इंग्रजीत 'क्युरियस'पासून 'क्युरिऑसिटी' होतं, पण 'ग्लोरियस'पासून 'ग्लोरिऑसिटी' होत नाही, कारण ती जागा 'ग्लोरी'ने आधीच धरली आहे. 'ग्लोरियसनेस' मात्र बिनदिक्कत होतं. जो प्रत्यय कुठेही सहज लागतो त्याला अटकाव फारसा होत नाही. निवडक शब्दांनाच लागणारा प्रत्यय मात्र अडतो.

मराठीत हा कुठेही लागणारा प्रत्यय म्हणजे 'पणा', आणि त्याची कुळकथा मला फार आवडते. ऋग्वेदात 'महित्वन', 'सखित्वन' असे शब्द आहेत. पुढच्या संस्कृतात हा 'त्वन' जवळपास नाहीसा झाला, 'त्व' तेवढा उरला. पण लोकांच्या तोंडी तो जिवंत होता. 'आत्मा'चा 'अप्पा' झाला आणि त्यातून आपलं 'आपण' आलं, तसाच 'त्वन'चा 'प्पण' झाला. बाराव्या शतकात हेमचंद्राने अपभ्रंश भाषेचं व्याकरण लिहिताना 'त्व' आणि 'ता' यांच्या जागी 'प्पण' येतो असं नोंदवलं. उदाहरण दिलं 'वड्डप्पण', म्हणजे मोठेपण. पंडितांनी टाकलेला वैदिक प्रत्यय आज आपण 'स्मार्टपणा'त, 'बिनधास्तपणा'त वापरतो! शब्द इंग्रजी असो, फारसी असो, 'पणा' कुळ विचारत नाही. सर्वनामालाही लागतो: मीपणा. 'नकोसा'लाही लागतो: नकोसेपणा. 'ता'ला हे जमत नाही. त्याला संस्कृत शब्द लागतो, म्हणून मधुरता होते, 'गोडता' होत नाही. फारसीतून आलेल्यांना 'ई' आवडते: गरिबी, लाचारी, नाराजी. ('नाराजगी' म्हणणाऱ्यांनी 'नाराजी'वर काय राग धरलाय?)

'पणा'लाही कुंपण आहे, पण ते अर्थाचं. भिंतीची 'जाडी' नऊ इंच असते, तिथे 'जाडेपणा' बसत नाही. माणसाचा मात्र 'जाडेपणा' खुशाल म्हणतो. मापाचा अर्थ 'जाडी'ने धरला, बाकीचा मोकळा राहिला. आईवडील मुलांना 'मोकळीक' देतात, मुलं 'मोकळेपणाने' बोलतात. समानार्थी शब्द भाषेत एकत्र नांदत नाहीत असं ठामपणे लिहिणारे इथे फसतात. अटकाव शब्दाला नसतो, त्या शब्दाच्या एका अर्थाला असतो.

राहिला 'गोडवा'. चहात साखर जास्त पडली तर 'गोडपणा' जास्त झाला म्हणतो. वाशीच्या फळबाजारात आंब्याला 'गोडी' असते, मुलाला वाचनाची 'गोडी' लागते, आणि आवाजात 'गोडवा' असतो. एका विशेषणाची तीन नामं, तिघांनी कामं वाटून घेतलेली. यातला 'वा' हा मिटलेला प्रत्यय आहे. जे शब्द झाले ते झाले, नवे होत नाहीत. ओलावा, दुरावा, थंडावा यांच्याकडे बोट दाखवू नका. ते ओलावणे, दुरावणे, थंडावणे या क्रियापदांवरून आलेत, बोलावण्यावरून 'बोलावा' आला तसे. विशेषणाला थेट लागलेला 'वा' गोडवा, गारवा अशा मोजक्याच ठिकाणी दिसतो.

'तिखटवा' का नाही, याबद्दल माझा स्वतःचा एक तर्क आहे आणि मी तो सोडणार नाही. चवींचे शब्द ओळीने म्हणून बघा: आंबट, तिखट, खारट, तुरट, कडवट. सगळ्यांच्या शेवटी 'ट' आहे. 'खार'पासून खारट, 'कडू'पासून कडवट, म्हणजे यांच्या अंगावर एक शेपूट आधीच आहे. 'गोड' मात्र उघडा शब्द, 'गार'ही तसाच. निवडक प्रत्ययांना असे उघडे, तोकडे शब्द मानवतात. शेपूटवाल्यांच्या वाट्याला मग 'पणा' येतो. 'तिखटपणा' म्हणा, आणि 'वैविध्यता' ऐकलीत तर निवेदकाला कार्यक्रम संपल्यावर गाठून सांगा.